दोनशे सात नंबरला पैकीच्या पैकी

जालना एमआयडीसीतल्या आमच्या बियाणे कंपनीत भुजंगराव एकतीस वर्षं हजेरीच्या खिडकीमागे बसले आहेत. हुद्दा टाइमकीपरचा, रुबाब मात्र तहसीलदाराचा. माणसाने खिडकीतून नुसतं नाव सांगावं, की यांनी त्याचं गाव, गावातली वस्ती, मामाचं आडनाव आणि घरात कोण दारू पितं हे सांगून मोकळं व्हावं. त्यावरून मग तो माणूस कामाला कसा निघेल याचं भाकीतही मिळायचं, तेही फुकट. भाकीत चुकलं तर माणूस बिघडला, भुजंगराव बरोबरच.

मी तृप्ती, इथली एचआर ऑफिसर. एचआरला हा माणूस माझ्याआधी पंचवीस वर्षं "भरती" म्हणत होता आणि एकट्याच्या जिवावर चालवत होता. त्याची पद्धत सोपी होती. अर्जांचा गठ्ठा घ्यायचा, प्रत्येकावरचं आडनाव वाचायचं आणि दोन ढीग करायचे. चारशे अर्ज चहा गार व्हायच्या आत संपायचे. वेगाच्या बाबतीत या पद्धतीला आजही तोड नाही.

गेल्या वर्षी आमचं बियाणं घेणाऱ्या मोठ्या कंपनीचे तपासनीस आले आणि त्यांनी भरतीची फाइल मागितली. पाच जण घेतले होते. पाचही पुरुष, पाचही पंचविशीच्या आतले, चौघे एकाच तालुक्यातले आणि दोघांचं तर आडनावही एक. तपासनीस बाईंनी विचारलं, हे कसं झालं? भुजंगराव निरागसपणे म्हणाले, चांगले लोक तिकडंच राहतात. बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

त्यामुळे यंदा बी-तपासणी प्रयोगशाळेच्या चार जागा निघाल्या, तेव्हा मालक राधेश्यामजींनी मला बोलावून सांगितलं की भरती अशी करा की त्या बाईला लिहायला काही मिळू नये, आणि पाच दिवसांत करा, कारण हंगामाचे नमुने यायला लागले आहेत. एका बाजूला तपासनीस, दुसऱ्या बाजूला घड्याळ. वर त्यांनी मेहेरबानी केली: गुण देणाऱ्या दोघांपैकी एक मी आणि दुसरे भुजंगराव. अनुभवी माणूस आहे म्हणे.

अर्ज आले चारशे बारा.

आता भुजंगरावांची अडचण सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. त्यांची बहीण उषाबाई टेंभुर्णीला दिलेली. तिचा मुलगा सुमित पंचवीस वर्षांचा. त्याचं लग्न ठरलं होतं, आणि ठरलं होतं भुजंगरावांच्या शब्दावर. मुलीचे वडील सर्जेराव यांना मामांनी भर बैठकीत सांगितलं होतं की पोरगा लॅबमध्ये लागला असंच समजा, हळद लावेपर्यंत ऑर्डर हातात येईल. सर्जेरावांनी तसं समजून मंडपवाल्याला सांगूनही टाकलं. म्हणजे सुमितची निवड झाली नसती तर लग्न अडलं असतं, बहीण तुटली असती आणि एकतीस वर्षांचा रुबाब टेंभुर्णीच्या चौकात उतरला असता. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. गुण देण्याआधी दोघांनीही एका कागदावर सही केली होती, त्यात प्रश्न होता: अर्जदारांत तुमचा कोणी नातेवाईक आहे का? भुजंगरावांनी ठळक अक्षरांत लिहिलं, "नाही". नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, भाचा म्हणजे दुसऱ्याच्या घरचं माणूस, नातेवाईक कसा काय?

पद्धत मी अशी ठरवली. अर्ज उघडायच्या आधीच कामाला काय लागतं ते लिहून काढलं, म्हणजे मागाहून आवडत्या माणसाच्या मापाने नियम शिवता येऊ नयेत. बारावी विज्ञान किंवा बियाण्याच्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव, पाळीत काम करायची तयारी आणि अर्जातल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं लिहिलेली, एवढंच अनिवार्य. मग अकाउंटमधल्या शीतलने प्रत्येक अर्जाला चिठ्ठ्या टाकून आडवातिडवा नंबर दिला. नाव, फोटो, जन्मतारीख, पत्ता, लग्न झालं की नाही, कॉलेजचं नाव, पास झाल्याचं साल, हे सगळं तिने काळ्या मार्करने झाकलं. साल झाकलं नाही तर वय बोटावर मोजता येतं. नंबर कोणाचा ही यादी तिच्या कपाटात, आणि तिने गुण द्यायचे नाहीत.

भुजंगराव हे सगळं बघत होते. नाव झाकलेला अर्ज त्यांनी हातात धरला तो डोकं नसलेला देव धरावा तसा. "मॅडम, नावच न्हाई तर वाचायचं काय याच्यात?" त्यांनी विचारलं. प्रश्न मनापासून होता. एकतीस वर्षांत ते नावाच्या खाली कधी उतरलेच नव्हते.

पहिल्या दिवशी दुपारी मी टेबलाशी गेले तर हा माणूस एकेक अर्ज वर ट्यूबलाइटला लावून मागच्या बाजूने वाचत होता. मार्करखालचं नाव उजेडात लख्ख दिसत होतं. मी विचारलं, तर म्हणाले कागदाची जाडी बघत होतो. मला संताप आला, आणि त्याहून जास्त माझ्या अकलेचा आला, कारण मार्कर मारल्यावर झेरॉक्स काढून तीच वापरायची असते हे मला आधी सुचायला हवं होतं. ते अर्ज परत घेतले, सगळ्यांना नवे नंबर दिले आणि गठ्ठा झेरॉक्सला पाठवला.

पहिली चाळणी फक्त अनिवार्य गोष्टींची, हो किंवा नाही. अर्जाला अर्धं मिनिट. दोघांनी वेगवेगळं बघितलं, साडेतीन तासांत चारशे बारा संपले. जिथे आमचं जुळलं नाही ते अठरा अर्ज एकत्र बसून पुन्हा पाहिले. उरले सत्त्याण्णव. भुजंगरावांना पहिल्यांदाच समजलं की आपली पद्धत सोडूनही ढीग जल्दी संपतो. त्यांना ते आवडलं नाही.

त्या सत्त्याण्णवांची उत्तरं शीतलने टाइप करून काढली, म्हणजे अक्षर, शाई, बाईमाणूस-बाप्यामाणूस काहीच कळू नये. "करते" आणि "करतो" दोन्हींचं तिने "करावे" केलं. वीस वर्षांचा अनुभव असो की तीन, कागदावर "दोन वर्षांहून जास्त" एवढंच. टाइप केलेला गठ्ठा समोर आला तेव्हा भुजंगरावांचा चेहरा पडला. का, ते पुढे कळलं: सुमितला त्यांनी हिरव्या पेनने लिहायला सांगितलं होतं. हिरवं झेरॉक्सने खाल्लं होतं, आता अक्षरही गेलं.

मग त्यांनी बाहेर जाऊन भाच्याला फोन लावला आणि अर्जात काय लिहिलंस ते विचारलं. सुमितने सांगितलं की मी मेहनती, प्रामाणिक आणि सर्वांना सोबत घेऊन चालणारा उमेदवार आहे, असं लिहिलंय. हे वाक्य एकोणीस अर्जांत होतं. बदनापूरच्या एकाच मल्टिसर्व्हिसेसवाल्याने ते सगळ्यांना दहा रुपयांत पुरवलं होतं. एकोणीस मेहनती, प्रामाणिक माणसांत मामाला आपला भाचा सापडेना.

पण भुजंगराव हार मानणारा माणूस नव्हे. नाव नाही, शाई नाही, वाक्य नाही, तर मग खाणाखुणांवरून ओळखू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. अर्जात तीन प्रश्न होते. पहिला असा: मक्याच्या चारशे बिया शंभर-शंभर अशा चार ट्रेमध्ये उगवायला ठेवल्या. उगवल्या ब्याण्णव, नव्वद, त्र्याण्णव आणि एकसष्ट. काय कराल? दुसरा, बियाण्याच्या पोत्यांच्या थप्पीतून नमुना कसा घ्याल? तिसरा, नोंदवहीत आकडा चुकला तर काय कराल? तीन उत्तरं आणि चौथा कामाचा अनुभव, प्रत्येकी तीन गुण, एकूण बारा. कशाला किती गुण हे आधीच लिहून ठेवलेलं. एका वेळी एकच प्रश्न, सगळ्या सत्त्याण्णव जणांचा, म्हणजे पहिलं उत्तर आवडलं म्हणून पुढच्या उत्तरांना फुकटचे गुण जात नाहीत. दोघांनी वेगळ्या खोलीत बसून द्यायचे. तीनपेक्षा जास्त फरक पडला तर एकत्र बसायचं, आणि ज्याने त्याने कारण कागदावर लिहायचं, फक्त उत्तरातलं.

असे सात अर्ज निघाले ज्यात आमचा फरक मोठा होता. त्यातला सर्वांत मोठा दोनशे सात नंबरचा. भुजंगरावांनी दिले बारापैकी बारा. मी दिले पाच.

खरं सांगायचं तर दोनशे सात वाचताना माझ्या कपाळाला आठी पडली होती. एकही शास्त्रीय शब्द नाही, वाक्यं तोडकी, जसं कोणी उभ्याउभ्या सांगितलं असावं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: "चौथा ट्रे कुठं ठेवला होता ते आधी बघावे. दाराजवळचा ट्रे लवकर वाळतो. पाणी कमी पडले का, बुरशी आली का बघावे. एकसष्ट आहे तर एकसष्टच लिहावे. सरासरी धरू नये. चारही ट्रे परत लावावे." मी एमबीए, छत्रपती संभाजीनगरच्या नावाजलेल्या कॉलेजची. मला हे एखाद्या अडाणी माणसाने लिहिल्यासारखं वाटलं, आणि मी भाषेवर गुण कापले. आमच्या यादीत भाषेला गुणच नव्हते. नियम मी केले होते आणि पहिल्यांदा मोडलेही मीच.

भुजंगराव मात्र दोनशे सातसाठी वकिलासारखे उभे राहिले. दाराजवळचा ट्रे वाळतो हे त्यांनी दिवाळीत टेंभुर्णीला जेवताना सुमितला सांगितलं होतं. लॅबचं दार दिवसभर उघडं-बंद होतं, त्यावरून लॅबचे लोक खिडकीशी येऊन कुरकुर करत, ते यांनी ऐकलेलं. शिवाय ते मेहनती, प्रामाणिकवालं वाक्यही त्यात होतं, म्हणजे दोनशे सात हा सुमितच, बिलकुल शंका नाही. आणि भाच्याला लावायचा म्हटल्यावर या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा एक अर्ज शेवटपर्यंत वाचला होता. एकदा नाही, चारदा.

"याच्यात चुकीचं काय हाय ते दाखवा, मॅडम," ते म्हणाले. "आकडे एवढे लांब असताना सरासरी धरायची न्हाई, कारण शोधायचं, परत लावायचं. लॅबवाले हेच करतात का न्हाई?"

मी मान हलवली. करतात. तेच करायचं असतं.

त्यांनी पुढचीही उत्तरं काढली. नमुन्याला लिहिलं होतं की वरच्या पोत्यातून मूठ भरून भागत नाही, थप्पीच्या वरून, मधून, खालून, वेगवेगळ्या पोत्यांतून बी काढून एकत्र करावं. नोंदीला लिहिलं होतं की चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारावी, म्हणजे जुना आकडा दिसत राहतो, बाजूला बरोबर आकडा, सही आणि तारीख. सगळं बिनचूक होतं. माझ्या पाच गुणांना भाषेपलीकडे एकही कारण नव्हतं, आणि मी ते खोडून अकरा केले, एकच रेघ मारून. लाज वाटली.

भुजंगरावांनी आपलं कारण मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि सही ठोकली. मग विजयाच्या भरात त्यांनी पुढचा वादातला अर्ज उचलला, अठ्ठ्याऐंशी नंबरचा. त्याला मी सहा गुण दिले होते, कारण उत्तरं स्वच्छ भाषेत होती आणि "गुणवत्ता व्यवस्थापन" हा शब्द दोनदा आला होता. भुजंगरावांनी दिले होते दोन. अठ्ठ्याऐंशी नंबरने सरासरी काढली होती, चौऱ्याऐंशी टक्के. नमुना वरच्या पोत्यातून. चुकलेल्या आकड्यावर व्हाइटनर. दोनशे सातने यांना इतकं शहाणं केलं होतं की अठ्ठ्याऐंशीची त्यांनी चिरफाड केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "असा माणूस लॅबच्या दारात उभा करू नये. याच्या एका चुकीने शंभर शेतकऱ्यांची पेरणी वाया जाईल." खाली सही. मला ते इतकं पटलं की माझे सहा मी दोनवर आणले.

पाचव्या दिवशी दुपारी शीतलने कपाट उघडून यादी काढली. पहिले बारा जण प्रत्यक्ष कामाच्या चाचणीला बोलवायचे होते. भुजंगराव नवा शर्ट घालून आले होते आणि खिशात पेढ्याचा पुडा होता, तो वर आलेला दिसत होता. शीतल वाचत गेली. दोनशे सातला आली तेव्हा थांबली, माझ्याकडे बघितलं, मग वाचलं: "बेबीनंदा साळवे."

बेबीनंदाबाई कोण हे कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणीच त्यांना ओळखत नव्हतं. वय चव्वेचाळीस. बदनापूरहून टेम्पोने यायच्या. कंत्राटावर चौदा वर्षं बी निवडण्याच्या पट्ट्यावर, आणि लॅबला माणूस कमी पडला की ट्रे धुवायला, वाळू भरायला, नमुन्याची पोती उघडायला. ट्रे धुताना त्या बघत होत्या. कोणी सांगितलं नव्हतं की बघू नका. दाराजवळचा ट्रे कोरडा का निघतो हे लॅबच्या लोकांना सांगणाऱ्या त्याच होत्या, आणि लॅबचे लोक ते खिडकीवर येऊन आपलं म्हणून सांगत होते.

आणि त्यांचा अर्ज इथवर आला हीच नवलाची गोष्ट होती. जाहिरात लागली तेव्हा त्या अर्ज घेऊन खिडकीवर गेल्या होत्या. भुजंगरावांनी आडनाव वाचलं, वय वाचलं आणि अर्ज परत सरकवला. बाई, हे शिकल्या-सवरल्या पोरांसाठी आहे, तुमच्यासाठी न्हाई, असं म्हणाले. बेबीनंदाबाईंनी तो गेटवर अर्जांसाठी ठेवलेल्या पेटीत टाकला.

भुजंगरावांनी विचारलं की सुमित कुठल्या नंबरला. त्या प्रश्नातच भाचा उघडा पडला. शीतलने बोट खाली खाली नेलं आणि सांगितलं, अठ्ठ्याऐंशी.

त्या वेळी मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. माणूस खुर्चीत बसला आणि वर आलेला पेढ्याचा पुडा त्याने खिशात खाली दाबला. मग म्हणाला की अठ्ठ्याऐंशीचे गुण पुन्हा बघता येतील का. मी त्यांच्याच हातचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. शंभर शेतकऱ्यांची पेरणी, खाली सही. ते वाचत बसले, जणू दुसऱ्या कोणी लिहिलं होतं.

नातं लपवलं होतं, म्हणून भुजंगरावांचे सगळे गुण बाजूला ठेवावे लागले. लॅबप्रमुख साधनाताईंनी सत्त्याण्णव अर्ज तसेच, नावं न बघता, रात्रीपर्यंत बसून नव्याने तपासले. दोनशे सातला अकरा मिळाले. अठ्ठ्याऐंशीला दोन. नियमावर बोट ठेवून मला भुजंगरावांना चूक ठरवायचं होतं आणि ते दोन्ही ठिकाणी बरोबर निघाले. नाव झाकलं की हा माणूस उत्तम पारखी होता. एकतीस वर्षं त्याने तो गुण नावाखाली झाकून ठेवला, आणि त्या वर्षांत किती दोनशे सात खिडकीवरून परत गेले याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

बारा जणांची चाचणी झाली. शुद्ध बी, काडीकचरा आणि तणाचं बी वेगळं करायचं, वजन लिहायचं. चार जण लागले, त्यात बेबीनंदाबाई दुसऱ्या. चारांत दोन बायका, चौघं चार तालुक्यांचे. तपासनीस बाईंनी फाइल बघून काहीच लिहिलं नाही. राधेश्यामजींनी भुजंगरावांना भरतीतून काढलं आणि खिडकीवर ठेवलं. सर्जेरावांनी मंडपवाल्याला थांबायला सांगितलं, तो अजून थांबलाय. उषाबाई भावाचा फोन उचलत नाहीत. टेंभुर्णीत असं बोललं जातं की मामानंच भाच्याला नापास केलं, आणि दुर्दैवाने ते खरं आहे.

पहिल्या तारखेला बेबीनंदाबाई पांढरा कोट घालून खिडकीवर सही करायला आल्या. मी मागे जुनी रजिस्टरं बघत होते. भुजंगरावांनी रजिस्टर पुढे सरकवलं, पण हात काढला नाही.

"बाई, तुमचा अर्ज मी परत केल्ता," ते म्हणाले. "त्याचं वाईट वाटून राह्यलं."

बेबीनंदाबाईंनी पेन घेतलं, आपल्या नावासमोर सही केली आणि वेळ लिहिली, आठ वाजून दोन मिनिटं.

"वाईट नका वाटू देऊ, साहेब," त्या म्हणाल्या. "माझं नाव दिसलं तव्हा तुम्ही वाचलं न्हाई. दिसलं न्हाई तव्हा पैकीच्या पैकी दिले. मंग चूक माझ्या अर्जाची तर न्हाई ना."

त्या लॅबकडे गेल्या. भुजंगरावांनी हात काढला, सही बघितली आणि पुढच्या माणसाला नाव विचारायला तोंड उघडलं. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी नुसतं रजिस्टर पुढे केलं.